जर्मन तलावाचा नियमफलक मराठीत आणताना: प्रत्येक मनाईचं वजन कसं राखायचं

जर्मनीत उन्हाळा लागला की भारतातून आई-वडील महिना-दोन महिन्यांसाठी येतात आणि मराठी कुटुंबं नातवंडांसह गावातल्या फ्रायबाडला, म्हणजे उघड्या सार्वजनिक जलतरण तलावाला, जाऊ लागतात. कधी महाराष्ट्र मंडळाची सहल तिथेच ठरते. अशा वेळी ज्याला जर्मन येतं त्याच्याकडे एक काम हमखास येतं: "तिथले नियम जरा मराठीत लिहून दे ना, सगळ्यांना पाठवू." हा लेख त्या माणसासाठी आहे. भाषांतराचा अनुभव नसला तरी चालेल. जर्मन साधारण मधल्या पातळीचं आणि मराठी घरचं असलं की पुरे.

या कामात सर्वांत जास्त होणारी चूक शब्दांच्या अर्थाची नसते. ओळी बरोबर कळलेल्या असतात, पण मराठीत येताना प्रत्येक ओळीच्या शेवटी "करू नये" येऊन बसतं. काठावरून उडी मारू नये, पळू नये, मौल्यवान वस्तू आणू नयेत, काचेच्या बाटल्या आणू नयेत. मूळ फलकावर यातली एक गोष्ट ठाम बंदी आहे, एक नुसता सल्ला आहे, एकीला अपवाद आहे. मराठीत चौघी सारख्याच दिसतात. मग वाचणारा स्वतःच ठरवतो की कुठली मनावर घ्यायची, आणि त्याचा अंदाज तलावावरच्या कर्मचाऱ्याच्या शिटीशी जुळेलच असं नाही. उलट टोकाची चूकही दिसते: सगळीकडे "सक्त मनाई". तीन ओळींनंतर "सक्त" या शब्दात काही दमच उरत नाही.

आधी पूर्ण नियमावली मिळवा

तलावाच्या काठावर लावलेला फलक हा सारांश असतो. मूळ नियम "हाउस उंड बाडेऑर्डनुंग" या नावाच्या नियमावलीत असतात. ती तिकीट खिडकीपाशी लावलेली असते आणि बहुतेक नगरपालिकांच्या संकेतस्थळावरही मिळते. तिच्या सुरुवातीलाच लिहिलेलं असतं की हे नियम प्रत्येक पाहुण्यावर बंधनकारक आहेत आणि तिकीट घेऊन आत येणाऱ्याने ते मान्य केले आहेत. जर्मन स्नानगृह संस्थेने एक नमुना नियमावली तयार केलेली आहे आणि पुष्कळ गावांनी तिच्यावरूनच आपापली बेतली आहे. म्हणून एका गावातलं वाक्य दुसऱ्या गावात जवळजवळ तसंच भेटतं. पण वयाच्या अटी, तलावात काय चालतं, फोनचं काय, हे गावोगाव बदलतं. शेजारच्या शहरातल्या मित्राने केलेलं भाषांतर जसंच्या तसं वापरू नका.

पूर्ण मजकूर हाताशी असण्याचं खरं कारण "बिटे" हा शब्द. फलकावर "बिटे निश्त रेनन" असं लिहिलेलं असतं, शब्दशः "कृपया पळू नका". मराठी मन "कृपया" वाचलं की विनंती समजतं. पण नियमावलीत तीच गोष्ट "पळण्यास मनाई" अशी दिलेली असेल, तर फलकावरचं "बिटे" ही फक्त बोलण्याची रीत झाली. तुमच्या मराठीत तिथे मनाईच यायला हवी. नियमावलीत ती गोष्ट कुठेच नसेल, तरच "कृपया" ठेवा.

क्रियापद शोधा आणि त्याला मराठी जोडी ठरवून द्या

आता नियमावली छापून घ्या, पेन्सिल घ्या, आणि प्रत्येक वाक्यात बंधन घालणारं क्रियापद अधोरेखित करा. नाम, विशेषणं सध्या बाजूला. जर्मन नियमांत अशी क्रियापदं फार नसतात, दहा-बाराच पुन्हा पुन्हा येतात. प्रत्येकाला एक मराठी रूप ठरवून टाका आणि शेवटपर्यंत तेच वापरा. भाषेत विविधता आणण्याचा मोह इथे आवरायला हवा, कारण शब्द बदलला की वाचणाऱ्याला वाटतं नियमाची ताकद बदलली.

मी वापरते ती मांडणी अशी. "फरबोटन" आणि "ऊंटरझाग्ट" या दोन्हींना "मनाई आहे". पहिला शब्द रोजचा, दुसरा कचेरीतला, ताकद तीच. त्यांच्या आधी "श्ट्रेंगस्टन्स" असेल तरच "सक्त मनाई आहे". मूळात तो शब्द नसताना "सक्त" लिहायचं नाही, गोष्ट कितीही धोक्याची वाटली तरी. "निश्त गेश्टाटेट" किंवा "निश्त एरलाउब्ट" याला "परवानगी नाही". नियम मोडला तर परिणाम मनाईसारखाच होऊ शकतो, पण स्वर वेगळा आहे: इथे तलावाचा मालक आपल्या जागेत ती गोष्ट चालू देत नाही, एवढंच सांगतो. तो स्वर मराठीत सहज राखता येतो, मग का सोडायचा?

"डार्फ निश्त" या रूपाला "-ता येणार नाही" बसतं. उदाहरणार्थ, काचेची भांडी व बाटल्या आत आणता येणार नाहीत. नुसत्या "आणू नयेत" पेक्षा हे ठाम आहे, कारण त्यात वाचणाऱ्याच्या इच्छेला जागा नाही. फलकावर क्रियापदाचं नुसतं मूळ रूप असतं, जसं "निश्त रेनन", आणि नियमावलीत ते बंधन म्हणून आलेलं असतं, तेव्हा "पळायचे नाही" हे रूप घ्या. ते कुणा एकाला उद्देशून नाही, उद्धट नाही, आणि शंका ठेवत नाही.

"इस्ट त्सू" ही रचना सर्वांत जास्त फसवते. जर्मन शिकताना ती "करायची असते" अशी सौम्य वाटते, म्हणून लोक "करावे" लिहितात. पण नियमांच्या भाषेत ती पूर्ण बंधन घालते. तलावात उतरण्याआधी अंग धुणे "इस्ट त्सू" रूपात आलं असेल, तर "अंघोळ करणे बंधनकारक आहे" असंच लिहा. तिच्याच जोडीला "त्सू ऊंटरलासन" येतं. "टाळावे" असं त्याचं भाषांतर कोशात सापडेल, पण फलकावर त्याचा अर्थ "करायचे नाही" हाच आहे.

मग "नये" कुठे? मी ते फक्त "झोल" आणि "झोलटे" यांच्यासाठी राखून ठेवते. "मौल्यवान वस्तू सोबत आणू नयेत" ही ओळ काही ठिकाणी याच क्रियापदाने येते. सोन्याची साखळी घालून आलात म्हणून तुम्हाला कुणी बाहेर काढणार नाही, हरवली तर मात्र तलावाकडे बोट दाखवता येणार नाही. मराठीत "नये" ची व्याप्ती फार मोठी आहे. "उन्हात फिरू नये" हा आजीचा सल्ला असतो आणि "येथे थुंकू नये" हा पालिकेचा नियम. एकच रूप दोन्हीकडे चालत असल्यामुळे ते फलकावर संदिग्ध होतं. एकदा त्याला एकच जागा दिली की ही संदिग्धता संपते आणि बाकीची रूपं आपोआप ठळक होतात. माझ्या मते या सगळ्या कामात हा एक निर्णय सर्वांत उपयोगाचा आहे.

शेवटची पायरी "वेर्डन गेबेटन". ही खरी विनंती. तिथे "कृपया" किंवा "विनंती आहे" लिहा, आणि नियमावलीत नसलेलं फलकावरचं "बिटे" सोडलं तर फक्त तिथेच.

दोन सापळे वेगळे सांगायला हवेत. पहिला "मुस निश्त". याचा अर्थ "करता कामा नये" असा होत नाही, "करण्याची गरज नाही" असा होतो. पोहण्याची टोपी घालण्याच्या बाबतीत हे वाक्य येतं. उलटं लिहिलंत तर तुमच्या काकू टोपी असूनही पिशवीतच ठेवतील, तीही मनाई आहे असं समजून. मराठीत "टोपी घालायला नको" हे रूप वापरू नका. बोलताना ते "गरज नाही" आणि "घालू नको" दोन्हीकडे झुकतं.

दुसरा सापळा "ग्रुंडझेट्सलिश". बोलण्यात लोक हा शब्द "अजिबात" या अर्थाने वापरतात, म्हणून विद्यार्थी त्याचं "मुळीच नाही" असं भाषांतर करतात. कायद्याच्या आणि नियमांच्या भाषेत तो जवळजवळ उलटं सांगतो: नियम असा आहे, पण अपवाद होऊ शकतात. तिथे "सर्वसाधारणपणे परवानगी नाही" असं लिहा आणि पुढच्या वाक्यात अपवाद दिलेला आहे का ते शोधा. बहुतेक वेळा असतो.

मनाई कुणाला, कशाला, कुठे

क्रियापद बरोबर आलं तरी नियमाची ताकद दुसऱ्या मार्गाने बदलू शकते. ज्या गोष्टीवर बंदी आहे तिचा आकार मराठीत लहान किंवा मोठा झाला तर ठामपणा चुकीच्या जागी पडतो.

सर्वांत धोक्याचं उदाहरण म्हणजे तलावांची नावं. "निश्तश्विमरबेकन" हा उथळ तलाव असतो. जर्मनीत तो जास्तीत जास्त 1.35 मीटर खोल असतो आणि ज्यांना पोहता येत नाही त्यांच्यासाठी राखलेला असतो. "श्विमरबेकन" हा खोल तलाव. त्यावरच्या "नूर फ्यूर श्विमर" या ओळीचं "फक्त पोहणाऱ्यांसाठी" असं भाषांतर मी अनेकदा पाहिलं आहे. मराठी वाचकाला त्यातून वाटतं, जे पोहायला आले आहेत त्यांच्यासाठी, म्हणजे नुसते काठावर बसणाऱ्यांसाठी नाही. पोहता न येणारा माणूसही "आम्ही पोहायलाच आलोय" म्हणून खोल पाण्याकडे जाईल. तिथे "ज्यांना पोहता येते त्यांनाच प्रवेश" असं लिहायला हवं, आणि उथळ तलावाला "पोहता न येणाऱ्यांचा तलाव".

काही फलकांवर "सुरक्षित पोहणाऱ्यांसाठी" या अर्थाची आणखी कडक ओळ असते. इथे मुलांच्या बाबतीत एक गोष्ट आई-वडिलांना सांगून ठेवा. जर्मनीत लहान मुलांना "झेफेर्डशन" नावाचा पहिला बिल्ला मिळतो. त्यासाठी काठावरून उडी मारून 25 मीटर पोहावं लागतं आणि खांद्याइतक्या पाण्यातून वस्तू काढून आणावी लागते. बिल्ला मिळाला की घरी आनंद होतो, पण डीएलआरजी ही तिथली जीवरक्षक संघटना अशा मुलाला अजून सुरक्षित पोहणारा मानत नाही. ते त्यानंतरच्या कांस्य बिल्ल्यापासून धरतात. त्यामुळे "सुरक्षित" हे विशेषण मूळात असेल तर मराठीतून गाळू नका.

उडीचंही तसंच. "श्प्रिंगन" म्हणजे कुठलीही उडी. मराठीत तलाव म्हटलं की "सूर मारणे" चटकन सुचतं, पण सूर म्हणजे डोकं खाली करून मारलेली उडी. "काठावरून सूर मारण्यास मनाई आहे" असं लिहिलंत तर पाय खाली करून उडी मारणारा पोरगा म्हणेल, मी सूर कुठे मारला? मनाई सर्व उड्यांना आहे, म्हणून "उडी". आणि "बेकनरांड" म्हणजे काठ, तोही लिहायलाच हवा, कारण डायव्हिंग बोर्डचे नियम निराळे असतात. काठ गाळलात तर बोर्डावरूनही बंदी आहे असा अर्थ होतो.

नियम मोठा होण्याचं उदाहरण पायातल्या चपलांचं. कपडे बदलायच्या खोल्यांच्या पुढे अनवाणी चालण्याचा भाग सुरू होतो. तिथल्या फलकावर "श्ट्रासेनशूए" घालून येण्यास मनाई असते, म्हणजे रस्त्यावरचे, बाहेरून घालून आलेले जोडे. तलावासाठी वेगळ्या आणलेल्या रबरी चपला बहुतेक ठिकाणी चालतात. मराठीत "चप्पल-बूट घालून येण्यास मनाई" असं लिहिलं की सत्तरीचे आजोबा प्रामाणिकपणे चपला काढतील आणि ओल्या फरशीवर घसरतील. इथे मूळापेक्षा जास्त कडक भाषांतराने खरी दुखापत होते. "बाहेर वापरलेल्या चपला-बुटांना मनाई आहे" एवढंच पुरेसं आहे. सोबत रबरी चपला चालतात की नाही ते नियमावलीत पाहून घ्या.

फोटोची ओळही काळजीपूर्वक वाचा. काही गावांत अनोळखी लोकांचे फोटो त्यांच्या संमतीशिवाय काढण्यास मनाई असते, आपल्या नातवाचा काढता येतो. दुसऱ्या ठिकाणी तलावाच्या भागात फोनचा कॅमेरा वापरायलाच मनाई असते. "फोटो काढू नये" या तीन शब्दांत हा फरक बुडून जातो.

आणि तेलाचं. बऱ्याच नियमावल्यांत पाण्यात जाण्याआधी अंगाला चोळायची मलमं, तेलं लावण्याला मनाई असते. जर्मन वाचकाच्या डोळ्यांसमोर तेव्हा उन्हापासून बचावाचं क्रीम किंवा सांधेदुखीचं मलम येतं. आपल्याकडे डोक्याला लावलेलं खोबरेल हे "काहीतरी लावलंय" असं मनातही येत नाही. भाषांतरात तुम्ही स्वतःहून नियम वाढवू शकत नाही, पण मूळात "कुठल्याही प्रकारची" असा शब्द असेल तर "केसांचे तेल धरून कुठलेही तेल वा मलम" असं लिहिणं योग्यच आहे, कारण ते त्या शब्दात येतंच. कारणही सांगितलं तर लोक पटकन मानतात. घाम आणि लघवी पाण्यातल्या क्लोरीनशी मिसळली की क्लोरामाइन तयार होतात. तलावाचा तो ओळखीचा उग्र वास आणि डोळ्यांची चुरचूर त्यांच्यामुळे होते. तेल आणि मळही क्लोरीन खातात आणि पाणी शुद्ध ठेवायला ते कमी उरतं. अंघोळ करून उतरण्याचं बंधन यासाठीच आहे.

एक परिच्छेद पूर्ण करून पाहू

डायव्हिंग बोर्डाबद्दल बहुतेक नियमावल्यांत एक छोटा परिच्छेद असतो. गावागावांत थोडा फरक पडतो, पण सांगाडा हाच: उडी स्वतःच्या जोखमीवर, आणि कर्मचाऱ्यांनी बोर्ड खुला केल्यावरच "गेश्टाटेट". उडी मारताना खालची जागा मोकळी आहे आणि बोर्डावर एकच माणूस आहे याकडे लक्ष देणं "इस्ट त्सू" रूपात. बोर्ड खुला असताना उडीच्या जागेतून पोहत जाणं "ऊंटरझाग्ट". चार-पाच ओळींत तीन वेगळी क्रियापदं आणि एक जोखमीची टीप.

पहिल्या झटक्यात लिहिलेलं मराठी साधारण असं असतं:

"परवानगीशिवाय डायव्हिंग बोर्डवरून उडी मारू नये. उडी मारताना खाली कोणी नाही याची काळजी घ्यावी. एका वेळी एकानेच बोर्डवर जावे. बोर्डखालून पोहू नये."

वाचायला सोपं आहे, पण ओळीगणिक काहीतरी सुटलं आहे. "परवानगीशिवाय" म्हटल्यावर वाचणारा बाडेमाइस्टरकडे, म्हणजे तलावावरच्या देखरेख करणाऱ्या कर्मचाऱ्याकडे, जाऊन स्वतःसाठी परवानगी मागेल. प्रत्यक्षात तिथे बोर्ड सगळ्यांसाठी उघडतात आणि बंद करतात, बंद असेल तेव्हा साखळी किंवा पाटी असते. जोखमीची गोष्ट गायब झाली आहे. "काळजी घ्यावी" आणि "जावे" हे सल्ले झाले, मूळात बंधन होतं. "बोर्डखालून" हे फार अरुंद झालं. उडी मारणारा पुढे जाऊन पडतो, आणि धोका त्या सगळ्या जागेत असतो. शिवाय बोर्ड खुला असतानाच ही मनाई आहे, ते कुठेच आलं नाही. बोर्ड बंद असताना त्या भागात पोहणाऱ्याला मग कुणीतरी उगाच अडवणार.

ठरवलेल्या जोड्या लावून तोच मजकूर असा होतो:

"कर्मचाऱ्यांनी डायव्हिंग बोर्ड सर्वांसाठी खुला केलेला असेल तेव्हाच त्यावरून उडी मारण्याची परवानगी आहे. उडी मारणारा ती स्वतःच्या जोखमीवर मारतो. उडी मारण्यापूर्वी खालची पाण्याची जागा मोकळी आहे हे पाहणे बंधनकारक आहे. बोर्डवर एका वेळी एकाच व्यक्तीने असणे बंधनकारक आहे. बोर्ड खुला असताना उडी पडण्याच्या जागेतून पोहत जाण्यास मनाई आहे."

हे थोडं लांबलं. लांबी वाढली तरी चालेल, पण वाक्य तोडा. एका वाक्यात एकच बंधन ठेवलं की वाचणाऱ्याला कुठली गोष्ट परवानगीची, कुठली सक्तीची आणि कुठली बंदीची हे न थांबता कळतं.

परिणामांची भाषा

नियमावलीच्या शेवटी, नियम मोडला तर काय, हे येतं. इथे "कोएनन" आणि "वेर्डन" यांच्यात गल्लत होते. नियम मोडणाऱ्याला काही काळासाठी किंवा कायमचं तलावावर येण्यापासून रोखलं "जाऊ शकतं", आणि त्या वेळी तिकिटाचे पैसे परत "मिळत नाहीत". पहिल्यात कर्मचाऱ्याचा निर्णय आहे, दुसऱ्यात नाही. दोन्हीकडे "जाईल" लिहिलं तर उगाच दहशत बसते, दोन्हीकडे "शकते" लिहिलं तर माणूस पैशांसाठी खिडकीवर वाद घालत बसतो.

"हाउसरेश्त" हा शब्द नक्की येतो. तलावाच्या वतीने जागेवरचा हक्क कर्मचारी बजावतात आणि त्यांच्या सूचना पाळणं बंधनकारक असतं, एवढं स्पष्ट लिहा. सहलीच्या पत्रकात मी याखाली एक टीप देते: प्रवेशबंदी सांगितली गेल्यावर पुन्हा आत जाणं हा जर्मन दंडसंहितेच्या कलम 123 खाली गुन्हा ठरू शकतो, दंड किंवा एक वर्षापर्यंत कैद अशी तरतूद आहे. व्हिसावर आलेल्या माणसाने हे आधी वाचलेलं बरं.

"स्वतःच्या जोखमीवर" हे जपून लिहा. त्याचं "तलाव जबाबदार नाही" असं रूपांतर करू नका. बोर्ड मोडका असेल तर तलाव चालवणाऱ्याची जबाबदारी राहतेच. आणि ही ओळ मनाई नाहीच, म्हणून तिला "नये" किंवा "मनाई" चा स्पर्शही नको.

"एल्टर्न हाफ्टन फ्यूर ईरे किंडर" ही ओळ तलावावरच काय, जर्मनीत प्रत्येक बांधकामाच्या कुंपणावर दिसते. तिचं भाषांतर "मुलांकडून होणाऱ्या नुकसानीस पालक जबाबदार राहतील" असं करा. जर्मन दिवाणी संहितेच्या कलम 832 नुसार पालकांवर भरपाई येते ती लक्ष ठेवण्यात त्यांनी कसूर केली असेल तर. म्हणजे फलक कायद्यापेक्षा जास्त बोलतो. तरीही भाषांतरात तो दुरुस्त करू नका. फलक जे म्हणतो ते तसंच आणि कायद्याची माहिती वेगळ्या टीपेत, अशी विभागणी ठेवली तर तुमच्यावरही कुणी बोट ठेवणार नाही.

चित्रं आणि रंग

फलकावर चित्रं असतील तर ती तुमच्या कामाची तपासणी करून देतात. लाल वर्तुळात तिरकी रेघ म्हणजे मनाई, निळं भरीव वर्तुळ म्हणजे अमुक करणं बंधनकारक, पिवळा त्रिकोण म्हणजे धोक्याची सूचना. निळ्या वर्तुळाखालच्या ओळीला तुम्ही "मनाई" लिहिलं असेल तर काहीतरी चुकलं आहे. बंधन होकारार्थी असेल तर मराठीतही होकारार्थीच ठेवा: "शॉवर घेणे बंधनकारक आहे." त्रिकोणाखाली "फरशी निसरडी आहे" एवढंच पुरे, तिथे "पळू नये" जोडायची गरज नाही.

वाचून दाखवा

मसुदा झाला की जर्मन न येणाऱ्या एखाद्या घरच्या माणसाला द्या. मूळ फलक दाखवू नका. प्रत्येक ओळीवर त्याला तीन गोष्टी विचारा: हे मला करता येईल का? कधीच नाही, की काही अटींवर येईल? केलं तर काय होईल? उत्तरं नियमावलीशी ताडून पहा. जिथे उत्तर अडखळतं, ती ओळ पुन्हा लिहा. माझा अनुभव असा की सर्वांत जास्त अडखळणं "फक्त" असलेल्या ओळींवर होतं, कारण "फक्त" वाक्यात कुठे ठेवला यावर सगळा अर्थ फिरतो. "लहान मुलांना फक्त मोठ्यांसोबत प्रवेश" आणि "फक्त लहान मुलांना मोठ्यांसोबत प्रवेश" हे दोन वेगळे नियम आहेत. शंका असेल तर "च" वापरा: "मोठी व्यक्ती सोबत असेल तरच." वयाचा आकडा मात्र त्या गावाच्या नियमावलीतून जसाच्या तसा घ्या.

पत्रक छापताना किंवा पाठवताना प्रत्येक मराठी ओळीसमोर मूळ जर्मन ओळ ठेवा. तलावावर वाद झाला तर वाचणाऱ्याला बोट ठेवून दाखवता येतं, आणि कर्मचाऱ्यालाही कळतं की पाहुण्याने काय वाचलं आहे. तळाशी लिहा की हे भाषांतर माहितीसाठी आहे आणि मूळ जर्मन मजकूरच ग्राह्य धरावा. नियमावलीवर ती कधीपासून लागू आहे ती तारीख असते, तीही उतरवून घ्या. फ्रायबाड हिवाळ्यात बंद असतात आणि नवा हंगाम सुरू होताना नियम बदललेले असू शकतात, त्यामुळे मागच्या वर्षीचं पत्रक पुढे पाठवण्याआधी तारीख पडताळा, आणि ती बदललेली असेल तर नवी नियमावली पहिल्यापासून वाचा.